'इथे' म्हणजे कुठे?

रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य चौदाव्या मिनिटाला येतं. मी उत्साहाने सांगतेय, "आणि इथे बघा, ही जी रेघ आहे ती इथून खाली येते, मग इथे जरा वर जाते, पण एकंदरीत छान आहे." मग दोन सेकंद शांतता. आणि मग कुणाचा तरी अगदी नम्र आवाज: "मॅडम, 'इथे' म्हणजे कुठे?"

कॉल फक्त फोनवरचा होता. स्क्रीन शेअर करायची सोयच नव्हती, कारण जोडलेल्या अकरा जणांपैकी निम्मे लोक नेट धड चालत नाही अशा ठिकाणी होते. कॉन्फरन्स ब्रिजचा नंबर लावायचा, पिन दाबायचा आणि बोलायचं, एवढंच. स्लाइडची पीडीएफ मी आदल्या दिवशी सगळ्यांना मेल केली होती आणि माझ्या मते तयारी तिथेच संपली होती. नंतर रेकॉर्डिंग ऐकताना मी कागदावर रेघोट्या ओढत मोजलं. अठ्ठावीस मिनिटांत 'इथे', 'हे बघा', 'हा जो' आणि 'तुम्हाला दिसतच असेल' मिळून एकतीस वेळा म्हटलं होतं. माझा हात माझ्या स्क्रीनवर माउस फिरवत होता आणि तो माउस माझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हता.

आमचा विषय तसा साधा आहे. आम्ही यंत्रांच्या दुरुस्तीची सेवा देतो. जुन्या पद्धतीत तंत्रज्ञ जाऊन बिघाड बघतो, लागणारा भाग मध्यवर्ती भांडारातून मागवतो आणि भाग आला की पुन्हा जातो. नव्या पद्धतीत नेहमी लागणारे भाग एका किटमध्ये त्याच्या गाडीतच असतात. त्याने वेळ वाचतो का, हे मला दाखवायचं होतं. पहिला कॉल असा फसल्यावर पंधरा दिवसांनी दुसरा ठरला. माणसं तीच, ब्रिज तोच. या वेळी मी स्लाइडना हात न लावता आधी बोलण्याला हात घातला.

सगळ्यात जास्त वेळ स्लाइड सातने खाल्ला. तीच ती 'इथून खाली, इथे वर'वाली. मी तिचं वर्णन लिहून काढलं: "आलेखात एक निळी आणि एक हिरवी अशा दोन रेघा आहेत. निळी साधारण आडवी आहे. हिरवी मधूनच सुरू होते, खाली उतरते, एकदा उसळी मारते आणि परत खाली जाते." वाचून बरं वाटलं. चित्र डोळ्यांसमोर उभं राहत होतं. अर्थात माझ्या डोळ्यांसमोर ते आधीपासूनच उभं होतं.

म्हणून मी दुसऱ्या विभागातल्या एका मैत्रिणीला फोन लावला. तिने ही स्लाइड कधी पाहिली नव्हती. तिला म्हटलं, "कागद-पेन घे आणि मी सांगते तसं काढत जा. मला काही विचारायचं नाही." वर्णन वाचून झाल्यावर तिने कागदाचा फोटो पाठवला. निळी रेघ वर, कागदाच्या कडेला. हिरवी तिच्या बरीच खाली, मध्यापासून सुरू झालेली, एक टेकडी आणि पुढे उतार. दोन्ही रेघा कुठेच एकमेकींना भेटत नव्हत्या. खऱ्या आलेखात हिरवी निळीच्या किंचित वर सुरू होते, तिला छेदून खाली जाते आणि एका महिन्यापुरती पुन्हा वर येते. आणि तिने वर एक टीप लिहिली होती: "खाली जातंय म्हणजे वाईट ना? काय बिघडलंय एवढं?"

या टिपेने माझे डोळे उघडले. उभ्या अक्षावर तास आहेत आणि तास कमी होणं ही चांगली गोष्ट आहे, हे मी सांगितलंच नव्हतं. रेघ खाली गेली म्हटलं की ऐकणाऱ्याचं मन आपोआप काळजीकडे झुकतं. समोर स्लाइड असलेला माणूस अक्षाचं नाव वाचून स्वतःला सावरून घेतो. ऐकणाऱ्याला ती संधी मिळत नाही, तो आपल्या समजुतीवरच पुढची चार वाक्यं रचतो.

दुसऱ्या खेपेला मी उलट टोक गाठलं. अक्ष सांगितले, एककं सांगितली आणि मग दोन्ही रेघांचा प्रत्येक महिन्याचा आकडा. जुन्या पद्धतीचे बारा, नव्याचे आठ, मिळून वीस आकडे. नवव्या-दहाव्या आकड्याला तिने पेन ठेवल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. "अगं, मी आता नुसती लिहून घेतेय. चित्र कधीच गेलं." तिचं बरोबर होतं. चार आकडे माणूस मनात धरतो, वीस आकड्यांना त्याला टाइपिस्ट व्हावं लागतं.

तिसऱ्या खेपेला आकडे मोजके ठेवले: नव्या पद्धतीची सुरुवात, उताराचा तळ, सुळका आणि शेवट. जुनीसाठी फक्त 'साठच्या आसपास'. या वेळी रेघा बरोबर जागी आल्या, छेदही बरोबर. पण फोटो पाहून मी चमकले. तिच्या कागदावरचा आलेख जवळजवळ सपाट होता. दोन रेघा वरच्या बाजूला एकमेकींना चिकटून चाललेल्या आणि शेवटी एक जरासा उतार. तिचा फोन आला, "एवढंच उतरलं? तू तर म्हणत होतीस कोसळलं म्हणून."

चूक शोधायला मी मूळ स्लाइड उघडली आणि चूक तिथेच होती. माझा उभा अक्ष ४० पासून ७० पर्यंत होता. सॉफ्टवेअरने आपणहून तसा निवडला होता आणि मी तो कधी पाहिलाच नव्हता. तिने साहजिकच शून्यापासून काढला. ६१ तासांवरून ४९ तास म्हणजे १२ तासांची घट, साधारण पाचवा हिस्सा. माझ्या आलेखात मात्र तीच घट तीस तासांच्या पट्टीवर पसरली होती आणि अक्षाची चाळीस टक्के उंची खात होती. पडद्यावर ती रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी दिसत होती. वर्षभर ही स्लाइड मी कुठे कुठे दाखवली होती आणि माझ्यासकट एकालाही ते खटकलं नव्हतं. चित्र शब्दांत आणायला गेले तेव्हा मला पट्टी सांगावी लागली आणि पट्टी सांगितल्याबरोबर फुगवटा उघडा पडला.

अक्ष लगेच बदलावा असं वाटलं, पण पीडीएफ पुन्हा पाठवून झाली होती. नवी पाठवली असती तर निम्म्यांनी जुनी आणि निम्म्यांनी नवी उघडली असती आणि फोनवर ते कळलंही नसतं. म्हणून स्लाइड तशीच ठेवली आणि अक्षाची गोष्ट तोंडाने सांगायची ठरवली. शेवटी कॉलवर वाचलेला मजकूर असा होता:

"स्लाइड सात, शीर्षक 'दुरुस्तीला लागणारा वेळ'. हा रेघांचा आलेख आहे. तक्रार आल्यापासून यंत्र चालू होईपर्यंत सरासरी किती तास गेले, ते महिन्यागणिक दाखवलंय. तास कमी होणं चांगलं, म्हणजे रेघ खाली गेलेली आपल्याला हवीच आहे. डावीकडून उजवीकडे बारा महिने. उभा अक्ष चाळीसपासून सत्तर तासांपर्यंत आहे, शून्यापासून नाही, त्यामुळे चढउतार आहेत त्याहून मोठे दिसतात. रेघा दोन. अखंड रेघ जुन्या पद्धतीची: वर्षभर साठच्या आसपास, जवळजवळ आडवी. तुटक रेघ नव्या पद्धतीची: पाचव्या महिन्यात एकसष्टला सुरू होते, म्हणजे जुनीच्या किंचित वर, आणि लगेच तिच्याखाली जाते. आठव्या महिन्यात पंचावन्न. नवव्या महिन्यात एकच सुळका, चौसष्ट. दहाव्यापासून पुन्हा उतार, बाराव्याला एकोणपन्नास. वर्षाअखेर दोन्ही रेघांत अकरा तासांचं अंतर आहे."

सव्वा मिनिट लागतो. घाई केली तर एक मिनिट, पण मग कागदावर काढणारा मागे पडतो. यातला क्रम मला प्रयोगाअंती सापडला: काय मोजलंय, कुठली दिशा चांगली, पट्टी कुठून कुठे, मग न हलणारी रेघ आणि तिच्या आधाराने हलणारी. आधी हलणारी सांगितली तर ऐकणाऱ्याला ती कशाला टेकवायची ते कळत नाही.  रंगांची नावं मी काढूनच टाकली. एकाने स्लाइड कृष्णधवल छापून घेतल्या होत्या, हे मला पहिल्या कॉलनंतर कळलं. त्याच्याकडे निळी आणि हिरवी दोन्ही करड्या. आलेख बनवताना मी एक रेघ तुटक ठेवली होती, ती सवयीने, पण ती आता कामी आली.

आता आकड्यांबद्दल. तालमीत मैत्रिणीने एका ठिकाणी बासष्टच्या जागी पासष्ट लिहिलं. मी बासष्टच म्हटलं होतं. आम्ही चार-पाच वेळा मुद्दाम उलटसुलट करून पाहिलं आणि बासष्ट-पासष्टची गल्लत पुन्हा झाली. साध्या टेलिफोनच्या आवाजात साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोचतो. 'ब' म्हणताना गळ्यात जी घुमारी असते तिचा बराचसा भाग या पट्ट्याच्या खाली राहतो, म्हणून 'ब' आणि 'प' जवळ येतात. 'स', 'फ' यांची फुसफुस बरीचशी पट्ट्याच्या वर असते, ती वरून छाटली जाते. समोरासमोर बोलताना उरलेलं काम ओठ करतात. फोनवर ओठ नाहीत.

त्यात मराठी आकडे एकजीव शब्द आहेत. दशक आणि एकक वेगळे ऐकू येत नाहीत, त्यामुळे एक अक्षर गेलं की अख्खा आकडा बदलतो. मी उपाय केला तो पावतीवर रक्कम अक्षरी आणि अंकी लिहितात त्याच जातीचा: "बासष्ट, सहा दोन." सगळेच आकडे असे म्हटले तर ऐकणारा वैतागतो, म्हणून ज्यांच्यावर निर्णय टेकलाय तेवढेच. दुसरं म्हणजे आकड्याने वाक्य सुरू करायचं नाही. स्पीकरफोनवर बसलेल्या लोकांच्या यंत्राला बोलण्याची दिशा बदलायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात पहिलं अक्षर गिळलं जातं. "चौसष्ट तासांवर गेलं"पेक्षा "नवव्या महिन्यात हा वेळ चौसष्ट तासांवर गेला" सुरक्षित, कारण गिळायचंच असेल तर यंत्राने 'नवव्या'मधलं 'न' गिळावं, माझी हरकत नाही.

स्लाइड अकरा प्रवाह-आकृतीची होती: सात चौकोन, एक समभुज चौकट, आठ बाण. पहिल्या मसुद्यात मी ती आकृती म्हणूनच सांगायला गेले. "वर डावीकडे एक चौकोन, त्यात 'तक्रार नोंद' लिहिलंय, त्याच्यापासून उजवीकडे बाण..." मैत्रिणीने ती निमूटपणे काढली, अगदी बरोबर काढली आणि मग विचारलं, "याचा अर्थ काय?" चौकोन कुठे आहे याला या आकृतीत काहीच महत्त्व नाही. तो तिथे आहे कारण स्लाइडवर तिथे जागा होती. आलेखात उंची-खोली म्हणजेच मजकूर, म्हणून ती सांगावी लागते. प्रवाह-आकृतीत मजकूर म्हणजे आधी काय आणि नंतर काय.

मग मी आकृती सोडली आणि एका तक्रारीचा हात धरून चालायला लागले. "एकूण चार टप्पे आणि मध्ये एक फाटा. तक्रार फोनवर येते, नोंद होते, तंत्रज्ञ जाऊन बिघाड बघतो. आता फाटा. प्रश्न एकच: लागणारा भाग किटमध्ये आहे का? दोन उत्तरं. 'हो' असेल तर तिथेच दुरुस्ती आणि तक्रार बंद. ही झाली छोटी वाट. आता परत त्या प्रश्नाकडे येऊ. 'नाही' असेल तर भांडाराला मागणी जाते, भाग येतो, दुसरी भेट ठरते आणि मग दुरुस्ती. दोन्ही वाटा 'तक्रार बंद' यापाशी पुन्हा एक होतात." छोटी वाट आधी संपवायची हे मी चुकून शिकले. लांब वाट आधी घेतली तेव्हा मैत्रीण दुसऱ्या वाटेपर्यंत प्रश्नच विसरली होती. आणि 'परत त्या प्रश्नाकडे' हे शब्द गाळले तर ऐकणाऱ्याला वाटतं की भाग किटमध्ये असूनही भांडाराला मागणी जाते.

याच स्लाइडवर आणखी एक घोळ होता. मुळात ती पाच क्लिकमध्ये उलगडायची आणि एक चौकोन शेवटी दुसऱ्यावर येऊन बसायचा. पीडीएफमध्ये क्लिक राहत नाहीत. सगळं एकदम, एकावर एक छापलं जातं. ज्यांच्याकडे पीडीएफ होती त्यांना खालचा चौकोन कधी दिसलाच नसता. तो मी आधीच पाठवण्यापूर्वी वेगळा करून घेतला.

बाकीच्या स्लाइडवर एवढा वेळ गेला नाही. तक्त्यात सहा ओळी आणि पाच रकाने होते. मी ओळींत काय, रकान्यांत काय तेवढं सांगितलं, मग सगळ्यात मोठा आकडा, सगळ्यात छोटा आणि एक न बसणारा. बाकी सत्तावीस ज्यांना हवे त्यांनी पीडीएफमध्ये पाहावेत. किटच्या फोटोचं वर्णन दोन वाक्यांत झालं: केवढी पेटी, किती कप्पे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला भागांची यादी चिकटवलेली. मागच्या भिंतीचा रंग, तंत्रज्ञाचं हसू वगैरे मला लिहायला आवडलं असतं, पण त्याचा माझ्या मुद्द्याशी संबंध नव्हता. नुसत्या सजावटीच्या चित्रांबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि एवढं सगळं बोलून सांगायचं तर अठरा स्लाइड चाळीस मिनिटांत बसत नाहीत हेही घड्याळ लावल्यावर कळलं. नऊच बोलायच्या ठेवल्या.

प्रत्यक्ष कॉल सुरू झाला तेव्हा "कोण कोण आलंय?" असं विचारलं नाही. ते विचारलं की तिघं एकदम बोलतात आणि मग तिघंही एकदम गप्प होतात. यादी घेऊन एकेकाचं नाव घेतलं आणि प्रत्येकाला एकच विचारलं: समोर काय आहे, पडद्यावर पीडीएफ, कागद की काहीच नाही? सहा जणांसमोर पडदा, दोघांकडे कागद, तिघांकडे काहीच नाही. भांडार सांभाळणारे काका प्रवासात होते, ते या शेवटच्या तिघांत. ज्यांच्यासमोर काहीच नव्हतं त्यांची नावं मी वहीच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिली आणि कॉलभर त्यांच्याशीच बोलले. पडदा असलेल्यांना त्याचा त्रास झाला नाही. एकाने नंतर सांगितलं की नेहमी तो आलेखात स्वतःच काहीतरी शोधत बसतो आणि तेवढ्यात बोलणारा पुढे गेलेला असतो.

आमच्या ब्रिजवर `*6` दाबलं की आपला आवाज बंद होतो. ते सुरुवातीलाच सांगितलं आणि जोडीला हेही, की दुसरा फोन आला तर हा कॉल होल्डवर टाकू नका, कट करून पुन्हा या. होल्डवर टाकला की त्या माणसाच्या ऑफिसचं होल्डचं संगीत सगळ्यांना ऐकावं लागतं, आणि ज्याच्यामुळे ते वाजतंय त्या एकट्यालाच ते ऐकू येत नसतं, त्यामुळे ओरडून उपयोग नसतो.

घोळ झालाच, आणि मला अजिबात अपेक्षा नव्हती तिथे झाला. स्लाइड चारपर्यंत सगळं सुरळीत. मग मी म्हटलं, "स्लाइड सहा," आणि पुढे किटच्या फोटोचं बोलायला लागले. एकजण मध्येच म्हणाला, "माझ्या सहावर तर रेघांचा आलेख आहे." दुसरा म्हणाला, "नाही, माझ्याकडे फोटोच आहे." दोघांकडे तीच पीडीएफ. मला एक मिनिटभर काही सुचेना. शेवटी उलगडलं ते असं: पाचवी स्लाइड मी लपवलेली होती. लपवलेली स्लाइड आपला क्रमांक सोडत नाही, त्यामुळे कोपऱ्यात छापलेले आकडे चारवरून थेट सहावर जातात. पीडीएफमध्ये मात्र ते पानच नव्हतं. म्हणजे कोपऱ्यात सहा छापलेली स्लाइड पीडीएफचं पाचवं पान होती. पहिला माणूस पीडीएफ उघडणाऱ्या अ‍ॅपच्या पट्टीवरचा पान क्रमांक बघत होता, दुसरा कोपऱ्यातला. दोघंही बरोबर.

तिथून पुढे मी क्रमांकामागे शीर्षकही म्हणत गेले आणि म्हटल्यावर दोन सेकंद थांबत गेले. थांबणार आहे हेही सांगायचं, "पान उलटा, मी थांबते," कारण फोनवर न सांगता थांबलं की कुणीतरी हमखास "हॅलो? हॅलो? कट झाला का?" करतं. आता मी कोपऱ्यातला आकडा आणि पीडीएफचं पान जुळतंय का ते पाठवण्याआधी शेवटच्या स्लाइडवर तपासते. शेवटची जुळली तर मधल्या जुळलेल्या असतात.

स्लाइड सात वाचून झाली. 'समजलं का?' असं सगळ्यांना मिळून विचारलं तर फोनवर त्याचं उत्तर नेहमी शांतताच असते, म्हणून मी नाव घेऊन विचारलं. काका प्रवासात होते, त्यांच्यासमोर कागदही नव्हता, म्हणून मुद्दाम त्यांनाच. "काका, नवव्या महिन्यात काय दिसतंय तुम्हाला?"

मागून गाडीचा आवाज येत होता. "आठव्यात पंचावन्न होते, नवव्यात चौसष्ट झाले. नऊ तास वाढले. जुन्या पद्धतीच्याही वर गेली ती रेघ. बरोबर?"

"बरोबर. त्या महिन्यात किटमधला एक भाग संपला होता आणि पुन्हा भरायचा राहून गेला होता."

"ते मला माहीत आहे, भाग माझ्याकडूनच जायचा होता. पण मॅडम, एकच भाग संपला तर तो ज्यांना लागला त्यांच्याच तक्रारी लांबणार ना? सगळ्यांची सरासरी कशी वाढली? तक्रारी होत्या किती त्या महिन्यात?"

हा आकडा स्लाइडवर नव्हता. कुठल्याच स्लाइडवर नव्हता. मी "एक मिनिट शोधते, कुणी कट करू नका" असं सांगून मूळ तक्ता उघडला. नव्या पद्धतीच्या तक्रारी त्या महिन्यात चौदाच होत्या. त्यातल्या दोन भागासाठी अडकल्या होत्या, एक १५० तास आणि दुसरी १४६. चौदांचे एकूण ८९६ तास. या दोघी वगळल्या तर बाराजणींचे ६०० उरतात, म्हणजे सरासरी ५०. सुळका म्हणून मी जो तीन वेळा तालीम करून इतका नीट वर्णन केला होता, तो दोन तक्रारींचा होता.

मी हे सगळं हळू, आकडे फोडून सांगितलं. "चौदा, एक चार. त्यातल्या दोन." पलीकडे कुणीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला.

"मग तो एक भाग किटमध्ये दोन ठेवू," काका म्हणाले. "बाकी रेघ ठीक आहे. पुढची स्लाइड घ्या, आमचा बोगदा येतोय."

"स्लाइड आठ," मी म्हटलं, "शीर्षक 'भागांचा साठा'. पीडीएफमध्ये सातवं पान. मी थांबते."